लोगो झकास, मग गूळ परत का मागवत नाहीत?

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने करवीर तालुक्यातल्या आपल्या काकांच्या गुऱ्हाळासाठी लोगो आणि पाकीट केलं. दिवाळीत पाकिटं खपली, पण नंतर कुणी पुन्हा मागवली नाहीत. तिने लिहून पाठवलेले प्रश्न आणि राजारामपुरीत डिझाइनचा स्टुडिओ चालवणाऱ्या, कॉलेजात अधूनमधून शिकवायला येणाऱ्या सरांची उत्तरं.

प्रश्न: सर, लोगो चांगला आहे असं तुम्हीच वर्गात म्हणालात. मग माल का हलत नाही?

चांगलाच आहे, शब्द मागे घेत नाही. उसाचं पेर आणि कढईची कड एकाच रेषेत बसवलीस, एका रंगात छापलं तरी उठून दिसतं. दिवाळीत लोकांनी पाकीट हातात घेतलं ते त्यामुळेच. पण घरी नेऊन पाकीट फोडल्यावर पुढचं काम गुळाचं असतं. तो संपला की 'तोच आणा' असं म्हणायला घरच्यांकडे काहीतरी कारण पाहिजे. ते कारण काय असावं हे ठरवणं म्हणजे ब्रँड स्ट्रॅटेजी, आणि तुमच्याकडे ते कुणी ठरवलेलंच नाही. तुझ्या ब्रीफमध्ये लिहिलंय: 'शुद्ध, पारंपरिक, आधुनिक, सर्वांसाठी.' अशा चार शब्दांवर गूळच काय, बनियनसुद्धा विकता येईल.

प्रश्न: 'सर्वांसाठी'मध्ये काय बिघडलं? गूळ तर सगळेच खातात.

खातात सगळे, पण विकत घेताना सगळे एकच गोष्ट बघत नाहीत. शाहू मार्केट यार्डात व्यापारी ढेपेचा आधी रंग बघतो. पिवळाधमक असला की दर चांगला. तो रंग यावा म्हणून बऱ्याच गुऱ्हाळांत रसात हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पूड टाकतात, हे तुला घरचंच माहीत असेल. उलट पुण्यातलं जे घर पाकिटाची मागची बाजू वाचून गूळ घेतं, त्याला नेमकं हेच नको असतं. त्याला भेंडीच्या रसाने मळी काढलेला, जरा काळपट-तांबूस गूळ चालतो, किंबहुना तोच हवा असतो.

दोन्ही गिऱ्हाइकं खरी आहेत. दोघांना एकाच कढईतला गूळ देता येत नाही. काकांनी यार्डासाठी केलेला पिवळा गूळ पाकिटात भरला आणि तू वर लिहिलंस 'नैसर्गिक'. वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला पाकीट फोडताच शंका आली असणार. व्यापाऱ्याला तर पाकिटाशी देणंघेणंच नाही.

काकांनी घ्यायचा निर्णय असा आहे: यार्डाचा दर सोडून निदान काही आधणं, म्हणजे रस आटवायच्या काही खेपा, तांबूस गुळाची काढायची का? त्यात जोखीम आहे. पैसे उशिरा येतील, शिवाय कढईवर गूळ करणाऱ्या गुळव्याला हात बदलावा लागेल. म्हणून हा विषय घरात निघत नाही आणि सगळे लोगोवर बोलतात. लोगोवर बोलायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न: छोट्या धंद्यात असं होत असेल. मोठ्या कंपन्यांकडे पैसा असतो, नामांकित डिझायनर असतात. तिथे लोगोने फरक पडला असेलच ना?

पॉल रँड या नामांकित अमेरिकन डिझायनरची दोन कामं बघ. १९८६मध्ये स्टीव्ह जॉब्सने आपल्या नेक्स्ट या नव्या कंपनीचा लोगो त्याच्याकडून करून घेतला, एक लाख डॉलर देऊन. काळा तिरपा ठोकळा आणि त्यावर चार अक्षरं. आजही मी तो वर्गात दाखवतो. कंपनीला तिचे संगणक विद्यापीठांना विकायचे होते, पण १९८८मध्ये पहिलं मशीन आलं ते साडेसहा हजार डॉलरचं. ज्यांच्यासाठी बनवलं त्यांनाच परवडेना. १९९३मध्ये नेक्स्टने संगणक बनवणं बंद केलं. तिचं सॉफ्टवेअर पुढे अॅपलने घेतलं आणि ते टिकलं, पण ते सॉफ्टवेअरच्या गुणावर.

दुसरं काम आपल्या जास्त जवळचं आहे. दाभोळचा वीजप्रकल्प आणणारी एन्रॉन. तिचा तिरपा 'ई' हे रँडच्या अगदी शेवटच्या कामांपैकी एक. १९९७मध्ये तो लोकांसमोर आला, तोवर रँड वारलेला होता. डिसेंबर २००१मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि हिशेबातली लबाडी उघडी पडली. त्याच चिन्हाला अमेरिकेत 'वाकडा ई' म्हणू लागले. चिन्ह उत्तम होतं, म्हणूनच बदनामीलाही ते सोयीचं पडलं. लोगो ठसठशीत असेल तर वाईट अनुभवही लोकांच्या तितकाच पक्का लक्षात राहतो. काकांच्या बाबतीत मला हीच भीती वाटते.

प्रश्न: पण नाइकी? ती तर त्या खुणेवरच चालते.

ती खूण १९७१मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये करून दिली. कंपनीच्या फिल नाइटला ती तेव्हा फारशी आवडलीही नव्हती. आज ती बघून जे वाटतं ते खेळाडूंनी, बुटांनी आणि वर्षानुवर्षांच्या जाहिरातींनी तिच्यात भरलेलं आहे. ती कोरी होती तेव्हा कुणाला काहीच वाटत नव्हतं.

प्रश्न: म्हणजे लोगोशिवायही ब्रँड होऊ शकतो?

भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये एक फेरी मार. कोल्हापुरी चपलेला कुठला लोगो आहे? जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि आपल्याकडे लोकांनी फोटो बघून लगेच ओळखल्या. अंगठा, वेणी, कातड्याचा रंग, हीच ओळख. ती पिढ्यान् पिढ्या तेच काम तसंच करत राहिल्याने तयार झाली. अर्थात, खूण नसल्याचा तोटाही तिथेच दिसतो. कारागिराने हाताने शिवलेली जोडी आणि रेक्झिनची नक्कल एकाच खुंटीला लटकते, आणि बाहेरगावच्या माणसाला फरक कळत नाही. सांगायला काही असेल तर खूण हवीच.

प्रश्न: मग पाकिटावर 'कोल्हापुरी गूळ' ठळक टाकलं तर? त्याला भौगोलिक मानांकन आहे.

आहे, २०१४पासून. पण ते चिन्ह वापरायला रीतसर नोंदणी लागते. आणि त्यातून गूळ कुठला ते कळतं, कुणाचा ते कळत नाही. शेजारच्या गुऱ्हाळालाही ते तितकंच लागू आहे.

प्रश्न: सर, मग आम्ही डिझाइन शिकतोय कशाला?

चिडू नको. २००९मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचं पाकीट बदललं. स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून टाकलं. रस तोच, किंमत तीच, पण दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं पाकीट परत आणावं लागलं. लोकांनी वर्षानुवर्षं जो विश्वास ठेवला होता, तो त्या संत्र्याला चिकटला होता. डिझाइनची ताकद एवढी आहे. पण चिकटवायला आधी विश्वास लागतो, आणि तो आपल्या टेबलावर तयार होत नाही.

प्रश्न: गुरुवारी तोंडी परीक्षा आहे. लोगो आता बदलू का?

अजिबात नको. त्याआधी काकांना विचार, दोन आधणं हायड्रॉसशिवाय काढून देतील का. मग परीक्षकांसमोर पिवळा आणि तांबूस असे दोन खडे ठेव. तांबूस कुणासाठी, किती दराने, कुठल्या दुकानात, आणि कोणतं गिऱ्हाईक तुम्ही सोडताय, एवढं बोल. 'सर्वांसाठी' खोडून टाक. लोगो शेवटच्या पानावर दाखव. काका नाही म्हणाले तर पाकिटावरून 'नैसर्गिक' काढ आणि तसं का केलंस ते परीक्षकांना सांग. मी असतो तर त्याला जास्त गुण दिले असते.