हळदीचं खातं

वहीचं पहिलं पान असं होतं:

"श्री. 19 एप्रिल, पहाटे. ठमीचे खाते. गोदामात, तांदळाच्या पोत्यांमागे, रिकाम्या बारदानावर. जमा: पिल्ले 4."

"श्री" लिहिल्याशिवाय वही सुरू होत नाही, एवढं जुईला बाबांचं बघून ठाऊक होतं. वहीही बाबांचीच. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा उधारीच्या दोन कोऱ्या वह्या उरल्या होत्या, लाल कापडी बांधणीच्या, उभ्या, लांबड्या. पानांवर छापील आकडे आणि पाच रकाने: तारीख, तपशील, नावे, जमा, बाकी. दुकानातून गेलं ते नावे, दुकानात आलं ते जमा. जुई पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि देवरुखात एप्रिलच्या दुपारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

ठमी तशी घरची नव्हती, दुकानाची होती. तिला दूध दुकानाच्या खर्चातून मिळे, कारण ती आल्यापासून पोत्यांना उंदरांनी भोकं पाडलेली नव्हती. बाबा म्हणत, "पगारी माणूस आहे ते." पांढऱ्या अंगावर काळे नि तांबूस डाग होते, आणि एका डोळ्यावर काळा डाग असा की कायम भुवई उडवून बघते आहे असं वाटावं.

पिल्लांची नावं ठेवायला जुईला पाच मिनिटं लागली, ती मांडणीवरच्या बरण्यांवर लिहिलेलीच होती. पिवळसर तांबडा बोका तो हळद. काळा तो मिरी. पट्ट्यापट्ट्यांचं ते जिरं. आणि आईसारखीच तिरंगी, पण सगळ्यांत लहान, ती खसखस.

"पहिले दोन दिवस हात लावू नकोस गो," आजी म्हणाली. "माणसाचा वास लागला की मांजर पिल्लं उचलते. आणि एकदा उचलली की सात घरं फिरवते."

"सातच का?"

"आता ते तिला विचार."

जुईने लिहिलं: "आजी म्हणते सात घरे. मोजायचे."

तिसऱ्या दिवशी ठमी मासेवालीच्या टोपलीचा वास आला तशी बाहेर गेली आणि जुईने पहिलं वजन घेतलं. दुकान दुपारी एक ते चार बंद असे. पुढच्या फळ्या लावलेल्या, आत अंधार, गुळाचा आणि रॉकेलच्या जुन्या डब्याचा वास. काट्यावर आधी स्टीलचा डबा ठेवायचा, बटण दाबून शून्य करायचं, मग डब्यात जुना पंचा आणि पंच्यात पिल्लू. (पंच्याचं वजन ती पहिल्या दिवशी विसरली होती. ते पान तिने खोडलं नाही, बाजूला "पंचा 60 वजा" असं लिहिलं.) काटा पाच ग्रॅमच्या खालचं काही ओळखत नसे.

"21 एप्रिल. हळद 125. मिरी 120. जिरे 115. खसखस 90."

एवढुसं नव्वद ग्रॅम हातात घेतलं की वजन असं लागतच नाही, फक्त ऊब लागते. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, नखं मात्र तयार. हळद डब्यात पडल्या पडल्या ओरडायचा. खसखस गप्प पडून राहायची आणि तेच जुईला आवडत नव्हतं.

वही भरत गेली. वजनाच्या खाली ती मनाला येईल ते लिही. "ठमी त्यांची पोटं चाटते. चाटल्याशिवाय पिल्लांना शू होत नाही. तेही तीच चाटून साफ करते (ईऽऽ)." "प्रत्येकाची प्यायची जागा ठरलेली आहे. जिऱ्याच्या जागी मिरी गेला तर जिरे त्याला ढकलते." "पिताना पुढच्या पायांनी पोट मळतात. आई भाकरी मळते तसे, पण दोन्ही हात आळीपाळीने." "28 एप्रिल. जिऱ्याचा डावा डोळा उघडला. उजवा नाही. आत निळे आहे. आजी म्हणते सगळ्यांचे आधी निळेच असतात."

रकाने रोज भरले की खोटं बोलता येत नाही. 26 ते 28, तीन दिवस खसखशीच्या ओळीत 105, 105, 100 असे आकडे आले. बाकीच्या तिघांची रोज दहा-पंधराने चढ. डोळ्यांनी बघून हे कळलं नसतं, चौघांची मिळून एकच मऊ गुंडाळी दिसे. पण आकड्यांखाली आकडे आले की दिसतं.

"बाबा, खसखस तोट्यात आहे."

बाबा बिलं लावत होते. त्यांनी चष्मा वर करून पान बघितलं, अगदी गिऱ्हाइकाचं बघावं तसं. मग संध्याकाळी गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, गाईचं दूध पाजू नका, पोट बिघडेल. आईचंच मिळतंय का बघा, आणि पिल्लाला ऊब द्या.

जुई बघायला बसली. दोन तास, पोत्याला टेकून, घामाने भिजून. खसखशीची जागा कुठलीच नव्हती. ती कुठेतरी तोंड लावी आणि हळद, ज्याची जागा मागे होती, तो स्वतःचं पिऊन झालं की पुढे येऊन तिलाही ढकली. दरोडेखोर. जुईने त्याला उचललं, पंच्यात गुंडाळलं, मांडीवर धरून ठेवलं. तो ओरडला. ठमीने मान वर करून भुवईवाल्या डोळ्याने जुईकडे बघितलं, मग पुन्हा डोकं टेकलं.

दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास. 30 तारखेला खसखस 115. 2 मे, 135. "बाकी" या रकान्यात काय लिहायचं हे जुईला तोवर कळत नव्हतं. त्या दिवशी तिने तिथे "सुटली" असं लिहिलं.

आणि हळद मांडीवर पडून पडून तिच्या ओळखीचा झाला. हात जवळ आला की बाकीची पिल्लं फिस् करत, इतकीशी तोंडं करून. हळद मात्र बोट चोखी.

5 मे रोजी ठमीने घर बदललं. मानेची कातडी दातांत धरली की पिल्लू पाय पोटाशी घेऊन एकदम निर्जीव होतं. एकेक करून ती चौघांना गोदामातून माजघरात, माजघरातून शिडीने माळ्यावर घेऊन गेली, आणि चौथं नेल्यावरही रिकाम्या बारदानाशी परत आली. वास घेतला. मगच गेली. "घर 2: माळा, इरल्यांच्या मागे. ठमीला चारपर्यंत मोजता येत नाही, म्हणून ती परत येऊन बघते. किंवा येते म्हणून बघते." यातलं दुसरं वाक्य काय सांगायला लिहिलं ते जुईलाही पुढे कळलं नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी घर 3, आईच्या जुन्या साड्यांचं बोचकं. रात्री कौलांवर परका बोका घुमत असे, त्यामुळे कोणी ठमीला बोललं नाही. आईसुद्धा नाही, आणि त्या बोचक्यात तिची पैठणी होती.

14 मेच्या पानावर फक्त एक वजन आहे. "हळद 385."

त्या दुपारी तिने चौघांना टोपलीत घालून खाली काट्याशी आणलं होतं. आता ती चालत, म्हणजे चार पावलं चालत आणि एक पाऊल पडत. हळदीचं वजन घेऊन तिने त्याला खाली सोडलं, तेवढ्यात कोणीतरी फळीवर नाण्याने टकटक केलं. वाडीत लाइट गेली होती, मेणबत्त्या हव्या होत्या. जुईने एक फळी काढली, मेणबत्त्या दिल्या, सुट्टे नव्हते म्हणून आत आजीकडे गेली, आली, पैसे दिले. फळी परत लावताना तिने टोपलीत बघितलं. तीन.

पोत्यांमागे बघितलं. काट्याखाली. साबणाच्या खोक्यांत. मग रस्त्यावर. एसटी नुकतीच गेली होती आणि धुरळा अजून खाली बसलेला नव्हता. समोरचे सायकलवाले, पलीकडचे शिंपीकाका, पिंपळाखाली पत्ते खेळणारी मुलं, सगळ्यांना विचारलं. कोणी बघितलं नव्हतं. रस्त्यावर काही लागलेलंही नव्हतं. तेही तिने वाकून, नीट बघितलं.

ठमी दोन दिवस घरभर हाक मारत फिरली. तो आवाज वेगळाच असतो, घशातून, प्रश्न विचारल्यासारखा. गोदाम, माजघर, माळा, पुन्हा गोदाम. तिसऱ्या दिवशी ती तिघांना घेऊन न्हाणीघरामागच्या शेणींच्या खोपटात राहायला गेली आणि पुन्हा कोणाला हाक मारली नाही.

घर 4 जुईने वहीत लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही. वही काट्याखालच्या खणात आठ दिवस पडून होती. आजीने एकदा म्हणून बघितलं, "बोक्याने नेलं असेल गो." एकदा म्हणाली, "कोणी चांगल्या माणसाने उचललं असेल, देखणं होतं." दोन्ही वेळा जुई जेवणावरून उठली.

मग एका रात्री तिने वही काढली आणि 14 मेचं पान फाडायला धरलं. बाबा गल्ला मोजत होते.

"पान फाडू नये," ते वर न बघता म्हणाले. "आकडा तुटतो. मग अख्खी वही खोटी ठरते."

"मग काय करायचं?"

"जे झालं ते लिहायचं. बुडालं असेल तरी लिहायचं. आपल्याकडे मुंबईला गेलेल्या माणसांची वीस वीस वर्षांची बाकी आहे. आजोबांच्या अक्षरातली. दर वर्षी नव्या वहीत पुढे ओढतो मी."

"ते देतात परत?"

"दोघांनी दिली."

ते कुलूप लावायला उठले. जुई बराच वेळ बसून राहिली. मग तिने एक कोरं पान काढलं आणि वर नाव घातलं, स्वतःचं, गिऱ्हाइकाचं घालतात तसं आडनावासकट. तपशिलाच्या रकान्यात लिहिलं, "फळी उघडी ठेवली. टोपलीकडे बघितले नाही." नावेच्या रकान्यात लिहिलं, "हळद, 385." जमेचा रकाना रिकामा.

बाबांनी परत येऊन पान बघितलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते समजूत घालतील असं तिला वाटलं होतं आणि तसं झालं तर आपण रडू हेही तिला ठाऊक होतं.

"तारीख राहिली," ते म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून दिलं.

तिने तारीख घातली. पेन परत करताना म्हणाली, "उद्या वजनं घ्यायची आहेत. आठ दिवसांची राहिली."

"ये मग एकला. फळ्या लावून घेतो मी."

"23 मे. घर 4, शेणींचे खोपट. मिरी 450. जिरे 430. खसखस 345, खाली सोडल्यावर काट्याच्या वायरशी खेळली. ठमीने अर्धमेला उंदीर आणून पिल्लांपुढे टाकला. तिघेही घाबरली."