मिलिंद आणि शुभांगीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी आत्याचे दोन शब्द

मिलिंद, शुभांगी, सावनी, व्याही मंडळी आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मे 2001 मध्ये लाजाहोम झाला. शुभांगीच्या भावाने तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या, मिलिंदचा कान पिळून घेतला आणि सगळे हसले. त्या गडबडीत एका विधीकडे बहुतेकांचं लक्ष नव्हतं. अग्नीला प्रदक्षिणा घालताना वधूला सहाणेवर पाय ठेवायला सांगतात: ‘अश्मेव त्वं स्थिरा भव’, या दगडासारखी स्थिर हो. हे एकदा करून भागत नाही, तीन फेऱ्यांना तीनदा करतात. स्थिर राहणं पुन्हा पुन्हा करावं लागतं, हे त्या विधीला ठाऊक आहे. मंत्र वधूला उद्देशून असला तरी या घरात तो दोघांनी पाळला, हे मला आज सर्वांसमोर सांगायचं आहे.

26 जुलै 2005 ला कल्याणात पाणी चढत होतं आणि मिलिंद मुंबईत अडकला होता. फोन लागत नव्हते. शुभांगीने दोन वर्षांच्या सावनीला कडेवर घेऊन तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांना वर आपल्या घरात आणलं आणि सगळ्यांसाठी खिचडी टाकली. मिलिंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुळांवरून चालत घरी पोचला. पण पूर दोन दिवसांत ओसरतो. माझ्या भावाला अर्धांगवायू झाला, ते आजारपण चार वर्षं चाललं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री दहा आणि बाराची पाळी शुभांगीची, दोन आणि चारची मिलिंदची. सकाळी ती शाळेत, तो लोकलमध्ये. दादाच्या पाठीला शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही.

इथे लग्न ठरलेली मुलं-मुली बसली आहेत, म्हणून स्पष्ट सांगते. सोसणं म्हणजे मारहाण किंवा रोजचा अपमान गिळणं नव्हे. तिथे सोसू नका, घरच्यांना सांगा. मी बोलते आहे ते, परिस्थिती दोघांवर मिळून आलेली असते त्या वेळेबद्दल.

आता क्षमेबद्दल. हे दोघांना विचारूनच सांगते आहे. मिलिंद एका मित्राला जामीन राहिला आणि घरी बोलला नाही. मित्राचे हप्ते थकले, बँकेची नोटीस घरी आली आणि शुभांगीला सगळं त्या कागदावरून कळलं. सावनीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडावी लागली. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्याला सांगितलं नाही हे तिला जास्त लागलं.

माफी बहुतेक वेळा फसते ती ‘चुकलं, पण’ मधल्या ‘पण’मुळे. मित्र अडचणीत होता, तू रागावली असतीस, ही कारणं मिलिंदकडेही होती. त्याने ती काढली नाहीत. ‘मी तुला न सांगता सही केली,’ एवढंच म्हणाला. सगळे कागद तिच्यापुढे ठेवले आणि तीन वर्षांचा बोनस त्या ठेवीत परत भरला. त्यानंतर तिला दाखवल्याशिवाय त्याने एकाही कागदावर सही केलेली नाही.

शुभांगीने लगेच ‘जाऊ दे’ म्हटलं नाही, आणि मला ते योग्य वाटतं. घाईने दिलेली क्षमा पुढच्या भांडणात परत बाहेर येते. तिने वेळ घेतला. काय लागलं ते त्यालाच सांगितलं, माहेरी किंवा सासरी नाही, आणि मुलीसमोर तर कधीच नाही. पुढे दुधाच्या हिशोबावरून वाद झाला तेव्हाही तिने ती नोटीस उकरून काढली नाही. सप्तपदीचं सातवं पाऊल सख्याचं असतं. इतक्या मोकळेपणाने बोलायचं तर सख्यच लागतं.

राहता राहिली कृतज्ञता. ‘तू खूप करतेस’ या वाक्याने कुणालाच काही मिळत नाही. काय केलंस ते नाव घेऊन सांगावं. म्हणून मीच सुरुवात करते. शुभांगी, दादाला तू चार वर्षं स्वतःच्या हाताने भरवलंस. मिलिंद, 2020 मध्ये पगार निम्मा झाला तेव्हा चिडचिड न करता तू स्वयंपाकघर हातात घेतलंस आणि तिला ऑनलाइन शाळेसाठी आतली खोली मोकळी करून दिलीस. व्याही-विहीणबाई, दवाखान्याच्या दिवसांत तुम्ही सावनीला महिना महिना सांभाळलंत. तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे.

आता तुम्ही दोघांनी एकमेकांना अशी एकेक गोष्ट सांगा, आजवर न बोललेली. आम्हाला ऐकू आली नाही तरी चालेल. सावनी, निरांजन लाव आणि औक्षणाचं ताट घेऊन ये.