22 जानेवारी ते 21 फेब्रुवारी: ग्रुपवर काय झालं आणि सोमवारी काय बघायचं

संदीपभाऊ,

आई वॉकर सोडून काठीवर आल्या, असं वहिनींकडून कळलं. फार बरं वाटलं. सोमवारी आल्या आल्या चारही ग्रुपचे मेसेज उपसत बसू नका, म्हणून हे लिहितेय. काही गोष्टी फोनवर ठरल्या आणि ग्रुपवर आल्याच नाहीत. नुसता ग्रुप वाचला तर दोन ठिकाणी उलटाच अर्थ निघतो, तेही खाली स्पष्ट केलंय.

सगळ्यात आधी मोहाडीचे अण्णा

हे तुमच्यासाठीच थांबलंय. अण्णांच्या दोन नंबरच्या प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट 11 फेब्रुवारीला फेल आला. एका बुरशीनाशकाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. ग्रेपनेटवर प्लॉटला अलर्ट लागलाय, त्यामुळे फेरनमुना पास होईपर्यंत तिथला एक घडही युरोपला जाणार नाही. लॅबच्या माणसाने 19 तारखेला प्लॉटवर येऊन फेरनमुना काढलाय. रिपोर्ट मंगळवारपर्यंत मिळेल असं लॅबने फोनवर सांगितलंय, लेखी काही नाही.

'हार्वेस्ट' ग्रुपवर 11 आणि 12 तारखेला अण्णांबद्दल बरंच वाईट बोललं गेलं. फवारणी लपवली, असं दोघांनी सरळ लिहिलंय. ते खरं नाही. मी त्यांची फवारणी वही मागवून बघितली. शेवटची फवारणी 18 जानेवारीची, औषधाचं नाव आणि प्रमाण दोन्ही त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मूळ तोडणीच्या तारखेला पीएचआय पूर्ण होत होता. पण 27 जानेवारीला कंटेनरचं बुकिंग अलीकडे आलं, आपण तोडणीची तारीख आठ दिवस अलीकडे घेतली, त्याबरोबर नमुनाही लवकर काढला गेला. तारीख आपण बदलली, अण्णांनी नाही. वहीच्या पानाचा फोटो मी 13 तारखेला ग्रुपवर टाकलाय, पण तोवर सगळे प्रीकूलिंगच्या गडबडीत होते आणि त्यावर कोणी काही बोललं नाही. साहेबांना मी समोर बसून दाखवलंय, त्यांना पटलंय. अण्णांना मात्र अजून कोणी काही सांगितलेलं नाही. तुम्ही त्यांना आपल्याकडे जोडलंत, तुमच्याच तोंडून त्यांना कळावं.

त्यांचा प्रश्न साधा आहे: मंगळवारपर्यंत थांबू, की लोकल व्यापाऱ्याला माल देऊन टाकू? शुक्रवारी ब्रिक्स साडेसतरा होता, मण्याचा आकार 18 मिमीच्या वर. बाग फार दिवस थांबणार नाही. व्यापारी रोज फोन करून भाव पाडतोय. माझ्या मते मंगळवारपर्यंत थांबायला सांगावं, कारण दुसऱ्या फवारणीची नोंदच नाही आणि मधे बरेच दिवस गेलेत. पण निर्णय तुमचा आणि त्यांचा.

मंगळवारचा रॉटरडॅम कंटेनर

माल तयार आहे: थॉमसन, 500 ग्रॅमचे दहा पनेट, पाच किलोची पेटी. फायटोची तपासणी सोमवारी दुपारी आहे. प्लॉट नंबर आणि पेट्यांवरचे लॉट नंबर मी दोनदा जुळवलेत, तिसऱ्यांदा तुम्ही बघा. पहिल्या याद्यांमध्ये अण्णांचा प्लॉट होता. 'डॉक्युमेंट' ग्रुपवर 9 तारखेची पॅकिंग लिस्ट दिसेल, ती वापरू नका. 20 तारखेची शेवटची.

प्रीकूलिंगची रात्र

12 च्या रात्री दोन नंबरच्या चेंबरचा कॉम्प्रेसर बसला. ग्रुपवर सलग मेसेज आहेत, त्यातले निम्मे घाबरून लिहिलेले. नक्की काय झालं ते असं: रात्री दोन वाजता पल्पचं तापमान 11 डिग्री होतं, ते 4 वर यायला हवं होतं. सविताताई आणि रात्रपाळीच्या बायकांनी सगळ्या पेट्या हाताने एक नंबरच्या चेंबरमध्ये हलवल्या. पहाटे सहाला पल्प 5 वर आलं. दर अर्ध्या तासाने थर्मामीटर मण्यात खुपसून घेतलेली रीडिंग सविताताईंनी पेटीच्या झाकणावर पेनाने लिहून ठेवली होती. त्यावरूनच क्वालिटीने तो लॉट युरोपऐवजी दुबईला वळवायचं ठरवलं, म्हणजे प्रवास कमी दिवसांचा. झाकण मी जपून ठेवलंय. कॉम्प्रेसर दुरुस्त झालाय, पण मिस्त्री म्हणतो हा सीझन निघेल, पुढचा नाही.

त्या रात्रीनंतर एक चांगलं झालं. रात्रपाळीच्या बायकांना घरापर्यंत गाडी मिळावी ही मागणी आपण किती दिवस करत होतो! 15 पासून गाडी सुरू झाली. ग्रुपवर याचा एकच मेसेज आहे, तोही ड्रायव्हरचा.

पॅडवरून झालेला वाद

'क्वालिटी' ग्रुपवर 1 ते 6 फेब्रुवारी सल्फर पॅडवरून चांगलीच जुंपली. जहाज अजूनही केप ऑफ गुड होपला वळसा घालून जातंय, म्हणून दोन टप्प्यांत गॅस सोडणारा पॅडच सगळीकडे वापरावा असं एकांचं म्हणणं. जास्त गॅसने देठाजवळ मणी पांढरे पडतात, असं दुसऱ्यांचं. दोघांचंही बरोबर आहे. शेवटी ठरलं ते एवढंच: युरोपला दोन टप्प्यांचा पॅड, आखातासाठी साधा. पेटीतल्या लायनरची छिद्रं मात्र दोन्हीकडे तीच. वादातले बाकीचे मेसेज वाचण्यात अर्थ नाही.

'बुरशी लागून कंटेनर परत' म्हणून 8 तारखेला फिरलेला फोटो आपला नाही. पेटीचा रंगच वेगळा आहे. फोटो टाकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी तो काढला, पण खालच्या प्रतिक्रिया तशाच राहिल्यात. कोणी शेतकऱ्याने विचारलं तर स्पष्ट सांगा. आपला एकही कंटेनर परत आलेला नाही.

थंडी

जानेवारीच्या शेवटी निफाडकडे पारा उतरला तेव्हा मण्यांना तडे गेल्याचे फोटो आले. तीन प्लॉटचा अंदाज कमी केलाय, नवे आकडे शीटमध्ये भरलेत. दव वाळेपर्यंत तोडणी नाही, हा नियम आता नऊच्या आधी गाडी पाठवायची नाही असा पक्का झालाय.

माणसं

हे ग्रुपवर नीट कळणार नाही, म्हणून सांगते. वजनकाट्यावरच्या रमेशचे वडील 3 तारखेला गेले. ग्रुपवर नुसते जोडलेले हात आहेत. तो 16 पासून कामावर येतोय, फारसं बोलत नाही. तुमची आठवण त्याने दोनदा काढली. सोमवारी आधी त्याला भेटा.

पूनमचं लग्न ठरलंय, एप्रिलमध्ये. लेबलिंगचा राहुल दुसरीकडे गेला. त्याच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, पण तिला प्लॉट नंबरची पद्धत अजून कोणी शिकवलेली नाही. तुम्ही शिकवलंत तर पुढचा गोंधळ टळेल.

उरलेलं सगळं वाढदिवस, सुप्रभात आणि भावाबद्दलच्या अफवा. त्यावर कोणीही तुमच्या उत्तराची वाट बघत नाहीये.

तुमच्या नावाने आलेली दोन पाकिटं टेबलाच्या वरच्या खणात आहेत. ग्रेपनेटचा पासवर्ड बदललाय, तो ग्रुपवर टाकलेला नाही, आल्यावर सांगते. अण्णांना फोन सकाळी आठच्या आत लावा, नंतर ते बागेत असतात आणि तिथे रेंज नसते.

अश्विनी