मानपत्र : श्रीमती मंगल तानाजी माने, 2025 सालच्या सर्वोत्कृष्ट कर्मचारी

मंगलमावशी,

रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव श्रीमती मंगल तानाजी माने असं आहे, पण आपल्या तीन मजल्यांवर त्या नावानं तुम्हाला कुणी हाक मारत नाही. सिस्टर, वॉर्डातले मामा, डॉक्टर, पेशंटचे नातेवाईक, कँटीनमधला पोरगा, सगळ्यांच्या तुम्ही मावशी. आज मात्र सगळ्यांसमोर पूर्ण नाव घेऊन, शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह देऊन आम्ही तुमचा सत्कार करत आहोत.

या वर्षी विभागप्रमुखांकडून पुरस्कारासाठी नावं मागवली, तेव्हा तुमचं नाव तीन ठिकाणांहून आलं : प्रसूती विभाग, आयसीयू आणि पुरुषांचा मेडिकल वॉर्ड. या तिन्ही विभागांनी एकमेकांना विचारलेलं नव्हतं. हाऊसकीपिंगमधल्या कर्मचाऱ्याला हा पुरस्कार आपल्याकडे पहिल्यांदाच मिळतो आहे. तो इतक्या उशिरा मिळतो आहे याची मेट्रन म्हणून मला खंत आहे, आणि ती मी या मानपत्रातच लिहून ठेवते.

तुम्ही 2018 साली इथे आलात. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. मिरजेत कृष्णाघाटाकडची घरं पाण्यात गेली, त्यात तुमचंही होतं. मुलांना बहिणीकडे पोहोचवून तुम्ही ड्यूटीवर आलात आणि त्यानंतरचे सहा दिवस याच इमारतीत राहिलात. पण हे मानपत्र त्या दिवसांचं नाही. ते गेल्या बारा महिन्यांचं आहे, आणि त्यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

14 जुलैची रात्र. बाहेर पाऊस कोसळत होता. लेबर रूममध्ये एकाच वेळी दोन बायका होत्या आणि दोन्ही सिस्टर तिकडे गुंतलेल्या. बाळंतिणींच्या वॉर्डात सहा नंबरच्या बेडवर अथणी तालुक्यातली एक मुलगी होती, तीन तासांपूर्वी मोकळी झालेली. तिच्या आईनं तुम्हाला चादर बदलायला सांगितली. तुम्ही बदललीत. पाऊण तासानं तिनं पुन्हा बोलावलं. बाळंतिणीच्या अंगावरून जातंच, त्यात काय, असं आईचंच म्हणणं होतं. चादर बदलून पुढच्या कामाला लागला असतात तरी तुम्हाला कुणी बोल लावला नसता. पण तुम्ही ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी पहिली चादर लिननच्या पिशवीतून परत बाहेर काढलीत, दुसरीच्या शेजारी धरलीत आणि दोन्ही बघितल्यात. दुसरीवरचा डाग मोठा होता आणि त्यात गाठी होत्या. मग ग्लोव्ह्ज काढून, हात धुऊन, तुम्ही त्या मुलीच्या कपाळाला हात लावलात. कपाळ गार होतं आणि घामानं भिजलेलं होतं.

लेबर रूमच्या दारात जाऊन तुम्ही जे बोललात ते त्या रात्रीच्या सिस्टरनं मला जसंच्या तसं सांगितलं : "सिस्टर, सहा नंबरची दुसरी चादर भिजली, तासाच्या आत. पोरगी गार पडलीय. आत्ता या."

त्या वाक्यात बेडनंबर होता, काय झालं ते होतं, किती वेळात झालं ते होतं आणि काय करायला हवं तेही होतं. निरोप कसा द्यावा याचे वर्ग आम्ही शिकाऊ नर्सेससाठी घेतो. त्यांना मी आता हेच उदाहरण देते.

डॉक्टर धावत आल्या. गर्भाशय आवळलं गेलं नव्हतं, सैल पडलं होतं. चोळणं, इंजेक्शनं, सलाइन सगळं भराभर सुरू झालं आणि रात्रीत दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. पहाटे ती मुलगी शुद्धीवर नीट बोलू लागली आणि तिनं पहिल्यांदा बाळ मागितलं. पाचव्या दिवशी ती बाळाला घेऊन घरी गेली. आणखी वीस मिनिटं गेली असती तर थिएटर उघडावं लागलं असतं, असं डॉक्टरांनी तुमच्या शिफारशीत लिहिलं आहे. भिजलेले पॅड काट्यावर ठेवून रक्तस्राव मोजण्याची पद्धत आमच्या पुस्तकांत आधीपासून होती. आपल्या प्रसूती विभागात ती रोजच्या रोज पाळली जाऊ लागली ती मात्र जुलैनंतर. आता भिजलेली चादर सिस्टरला दाखवल्याशिवाय पिशवीत जात नाही.

त्या रात्री तुम्ही आणखी एक काम केलंत, ते शिफारशीत आलेलं नाही. त्या मुलीच्या आईला मराठी जेमतेम कळत होतं. तुमचं माहेर त्याच भागातलं. धावपळ चालू असताना तुम्ही तिच्याजवळ उकिडव्या बसलात आणि "हेदरबेडरी, अव्वा" म्हणत, भिऊ नका, भिऊ नका, असं कानडीत तिला समजावत राहिलात. मिरजेला उपचारासाठी सीमेपलीकडून माणसं येतात ती पिढ्यान् पिढ्या. कानडी बोलणारा माणूस प्रत्येक पाळीत असावा हे आपण बैठकांमध्ये किती वेळा ठरवलं असेल. दुपारच्या आणि रात्रीच्या पाळीत तो माणूस बहुतेक वेळा तुम्हीच होतात, आणि हे तुमच्या कामाच्या यादीत कधीच लिहिलेलं नव्हतं.

मार्चमधली गोष्ट सुईची. मेडिकल वॉर्डातली पिवळी पिशवी बांधताना तुम्हाला आत काहीतरी टोकदार जाणवलं. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी, पिवळ्या पिशवीत नाही, हे इथे प्रत्येकाला पाठ आहे. तरी ती तिथे होती. तुम्ही पिशवी दाबली नाहीत, हात आत घातला नाहीत, आणि कुणावर ओरडलाही नाहीत. पिशवी बाजूला ठेवून त्यावर चिठ्ठी लावलीत आणि हँडओव्हरच्या वेळी, दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर समोर असताना, ती दाखवलीत. मला त्यानंतरचं अधिक महत्त्वाचं वाटतं. "चूक कुणाची ते नको, डबा लांब आहे ते बघा," असं तुम्ही म्हणालात. आम्ही जाऊन पाहिलं. डबा वॉर्डाच्या एका टोकाला होता आणि इंजेक्शनची ट्रॉली फिरत होती दुसऱ्या टोकापर्यंत. आता प्रत्येक ट्रॉलीवर स्वतःचा पांढरा डबा आणि हब कटर आहे. पिशव्या उचलणाऱ्या आठ जणी आणि पाच मामा यांचे हात त्यामुळे रोज जपले जातात.

आणि आता ते दातांचं.

ऑक्टोबरात जत तालुक्यातले एक आजोबा न्यूमोनियानं दाखल होते. ताप उतरला, पण दोन दिवस ते ना जेवत होते ना कुणाशी बोलत होते. मुलगा म्हणाला, खचलेत. आम्हीही तसंच समजलो. तुम्ही फरशी पुसता पुसता त्यांच्याकडे बघत होतात. ते तोंडावरचा पदर, म्हणजे उपरण्याचं टोक, काढतच नव्हते. तुम्ही जवळ जाऊन हळूच विचारलंत, "आजोबा, कवळी कुठाय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कवळी हरवली होती आणि बोळकं तोंड लोकांना दिसेल म्हणून ते बोलत नव्हते. मुलाला सांगायचीही त्यांना लाज वाटत होती.

तुमची ड्यूटी संपली होती. तरी तुम्ही तळघरातल्या लाँड्रीत गेलात. दोन दिवसांचे वापरलेले कपडे धुण्यासाठी थांबलेले होते, चौदा पिशव्या. ग्लोव्ह्ज, मास्क आणि एप्रन घालून तुम्ही एकेक पिशवी उघडलीत, एकेक कपडा झटकलात. अकराव्या पिशवीत एका टॉवेलच्या घडीत, कागदी रुमालात गुंडाळलेली ती कवळी निघाली. तुम्ही ती धुतलीत, वाटीत घातलीत, वाटीवर बशी झाकलीत आणि बेडभोवतीचा पडदा ओढून मगच आजोबांच्या हातात दिलीत. त्या संध्याकाळी आजोबांनी भाकरी मागितली, आणि मुलाला शेताचं काय झालं ते विचारलं. पडदा ओढायचं तुम्हाला सुचलं, यावर मी आजही विचार करते.

आयसीयूनं तुमची शिफारस केली ती एका वेगळ्याच कारणासाठी : तुम्ही घाई करत नाही. बेड रिकामा झाला की खालून फोन सुरू होतात, कॅज्युअल्टीत पेशंट थांबलेला असतो, सगळ्यांना बेड पाच मिनिटांत हवा असतो. तुम्ही वरून खाली, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे पुसत येता. बेडचे कठडे, मॉनिटरची बटणं, सलाइनचा स्टँड, लॉकरची मूठ, काही सुटत नाही. आणि जंतुनाशक लावल्यावर ते ठरलेला वेळ ओलं राहील एवढं थांबता. "औषधाला त्याचं काम करू द्या, साहेब, मग बेड तुमचाच," हे तुम्ही वरिष्ठ डॉक्टरांनाही सांगितलं आहे. त्यांनीच ते मला कौतुकानं ऐकवलं.

मे महिन्यात डिस्चार्जनंतर गादीखाली सापडलेले 38 हजार रुपये तुम्ही जागेवरून न हलवता सिक्युरिटीला आणि सिस्टरला बोलावून, त्यांच्यासमोर मोजून परत केलेत. ते कुटुंब कवठेमहांकाळहून पेढे घेऊन आलं होतं. याबद्दल जास्त लिहू नका, तो माझा पैसा नव्हताच, असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून इथेच थांबते.

या वर्षी सहा नव्या मुली तुमच्या हाताखाली तयार झाल्या. त्यातली एक मला म्हणाली, मावशी मॉप कसा पिळायचा ते एका दिवसात शिकवतात आणि पेशंटकडे कसं बघायचं ते रोज शिकवतात.

पुरस्काराच्या रोख रकमेशिवाय आणखी काय हवं, असं समितीनं तुम्हाला विचारलं होतं. रात्रपाळीच्या बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही आणि डबा ठेवायला जागा नाही, तेवढं बघा, असं तुम्ही म्हणालात. पहिल्या मजल्यावरची जुनी स्टोअर रूम रिकामी करून घेतली आहे. आत बारा लॉकर, दोन खाटा, पंखा आणि आतून लागणारी कडी आहे. खोली 1 फेब्रुवारीपासून सुरू होते आहे.

तिची पहिली चावी या मानपत्रासोबत तुमच्या हाती देत आहोत.

मेट्रन, वैद्यकीय संचालक आणि रुग्णालयातील सर्व सहकारी
मिरज, 26 जानेवारी 2026