नायट्रोजन चक्र आणि खतांचा अपधाव : स्थिरीकरणापासून विनायट्रीकरणापर्यंत, भीमा-उजनी खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, तरी पिकाला त्यातला एक कणही थेट घेता येत नाही. N₂ रेणूतील तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यामुळे सजीवांच्या उपयोगी पडणारा नायट्रोजन निसर्गात कायम तुटपुंजा राहिला. या चक्राला आत येण्याचे मुख्य दार एक, स्थिरीकरणाचे. हवेत परत जाण्याचे मुख्य दारही एकच, विनायट्रीकरणाचे. रासायनिक खतांनी पहिले दार सताड उघडले. दुसरे दार मात्र जिवाणूंच्या हाती आहे आणि ऑक्सिजन, कर्ब व वेळ यांचा मेळ बसला तरच ते उघडते. खतांच्या अपधावाने होणारा बिघाड या विसंगतीतून समजून घ्यावा, अशी या निबंधाची मांडणी आहे.

चक्राचे टप्पे

विजेच्या कडकडाटात थोडा नायट्रोजन बांधला जातो, पण नैसर्गिक स्थिरीकरणाचा बहुतांश भार नायट्रोजिनेज हे विकर बाळगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर असतो:

N₂ + 8H⁺ + 8e⁻ + 16ATP → 2NH₃ + H₂ + 16ADP + 16Pi

एका रेणूसाठी सोळा एटीपी म्हणजे हा महागडा व्यवहार आहे. शिवाय हे विकर ऑक्सिजन लागताच निकामी होते. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठी कापल्यावर आत जो लालसर रंग दिसतो तो लेगहिमोग्लोबिनचा. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि रायझोबियमचे काम चालू राहते. अ‍ॅझोटोबॅक्टर जमिनीत मोकळेपणाने राहून हेच काम करतो, तर निळे-हिरवे शेवाळ पाण्यात. 1909 मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी उच्च दाब व उत्प्रेरक वापरून अमोनिया तयार करून दाखवला आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज या मार्गाने वर्षाला सुमारे 12 कोटी टन नायट्रोजन बांधला जातो. जमिनीवरच्या नैसर्गिक परिसंस्थांतील जैविक स्थिरीकरणाच्या अंदाजाच्या तो जवळपास दुप्पट भरतो.

बांधलेला नायट्रोजन वनस्पती प्रथिनांत व न्यूक्लिक आम्लांत सामावून घेतात. हे स्वांगीकरण. पाचट, मुळे, शेण, मेलेले जीव कुजले की सूक्ष्मजीव त्यातून अमोनियम मोकळे करतात, ते अमोनीकरण. शेतात टाकलेला युरियाही युरिएज विकरामुळे काही दिवसांतच अमोनियमच्या रूपात येतो. चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळ्या जमिनीत तो वरच्यावर फोकला, तर बराच भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो.

पुढचा टप्पा नायट्रीकरणाचा, आणि या निबंधापुरता तोच कळीचा. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियमचे नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट करतात. एकूण अभिक्रिया अशी:

NH₄⁺ + 2O₂ → NO₃⁻ + 2H⁺ + H₂O

दोन्ही पायऱ्या एकच जिवाणू पार पाडू शकतो, हे 2015 मध्ये उघड झाले आणि पाठ्यपुस्तकांतील काटेकोर श्रमविभागणी सैल झाली. परिस्थितिकीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते विद्युतभाराचे. चिकणमातीचे कण ऋणभारित असल्याने अमोनियम त्यांना चिकटून राहते. नायट्रेट स्वतः ऋणभारित, म्हणून पाण्याबरोबर वाहते किंवा झिरपते. अमोनियमचे नायट्रेट झाले की नायट्रोजनला पाय फुटतात.

विनायट्रीकरणात स्यूडोमोनाससारखे जिवाणू ऑक्सिजनच्या अभावी श्वसनासाठी नायट्रेट वापरतात: NO₃⁻ → NO₂⁻ → NO → N₂O → N₂. त्यांना कमी ऑक्सिजन, पुरेसा सेंद्रिय कर्ब आणि नायट्रेट, तिन्ही एकाच जागी लागतात. अ‍ॅनामॉक्स जिवाणू अमोनियम व नायट्राइट जोडून N₂ तयार करतात. तोही परतीचाच मार्ग.

अपधाव : उसाच्या सरीतून जलाशयात

आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. युरियात 46 टक्के नत्र धरल्यास हे सुमारे 870 किलो, म्हणजे 45 किलोची एकोणीसहून अधिक पोती. शिफारशीतच हप्ते पाडलेले आहेत आणि दुसरा, 160 किलोचा मोठा हप्ता लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी येतो. लागण जुलै-ऑगस्टमधली, तेव्हा हा हप्ता सप्टेंबरच्या आसपास पडतो, आणि परतीचा पाऊसही त्याच सुमारास असतो. शिवाय सरीतून मोकाट पाणी दिले, की नायट्रेट मुळांच्या टप्प्याखाली उतरते. तिथून काही विहिरींत जाते (पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम), काही ओढ्यांत.

भीमेवरचे, 1980 मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण अशा पाण्याचा शेवटचा मुक्काम ठरते. उन्हाळ्यात तिथले पाणी हिरवे पडते. याचे खापर एकट्या खतांवर फोडणे चुकीचे होईल. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी याच खोऱ्यात येते आणि त्यात नत्राबरोबर स्फुरदही असते. दोन्ही स्रोत एकत्र आले की शेवाळाला कशाचीच टंचाई उरत नाही.

इथून पुढे चक्र स्वतःच्याच विरोधात फिरू लागते. शेवाळ मरून तळाशी जाते, ते कुजताना विरघळलेला ऑक्सिजन संपतो. सुदृढ जलाशयात गाळाच्या पातळ वरच्या थरात नायट्रीकरण होते आणि लगेच खालच्या निर्ऑक्सिजन थरात विनायट्रीकरण. या जोडीमुळे नायट्रोजन निमूटपणे हवेत परततो. तळाचे पाणीच निर्ऑक्सिजन झाले तर नायट्रीकरण थांबते, नवे नायट्रेट तयार होत नाही आणि जोडी तुटते. अमोनियम साचून पुन्हा वर येते. काही जिवाणू उरलेले नायट्रेटही N₂ ऐवजी अमोनियमकडेच वळवतात. गाळात लोहाशी बांधलेला स्फुरदही याच स्थितीत सुटतो. म्हणजे बाहेरून येणारे खत कमी केले, तरी जलाशय काही काळ आतूनच स्वतःला खतावतो. सुधारणा इतकी रेंगाळते ती यामुळे.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर मिसिसिपीच्या मुखाशी दिसतो. अमेरिकेच्या मका-सोयाबीन पट्ट्यातील नायट्रेटमुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात अल्पऑक्सिजन पट्टा तयार होतो. 2017 मध्ये तो सुमारे 22,700 चौरस किलोमीटर होता, पुणे जिल्ह्याहून बराच मोठा.

शेतातही परतीचे दार अर्धवटच उघडते. नायट्रेट भरपूर आणि ऑक्सिजन थोडा शिल्लक असेल, तर साखळी N₂O वर अडते. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ घडवतो आणि ओझोनचा थरही झिजवतो. त्यामुळे ‘विनायट्रीकरण वाढवा’ हा उपाय सरसकट सांगता येत नाही.

उपायांविषयी

2015 पासून देशात युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे आहे. त्याने नायट्रीकरण मंदावते, म्हणजे नायट्रोजन अधिक काळ अमोनियम रूपात मातीला चिकटून राहतो. ठिबकमधून थोडे थोडे खत देणे त्याहून परिणामकारक, कारण मग पावसाच्या एका सरीत वाहून जाण्याइतके नायट्रेट जमिनीत एकाच वेळी नसतेच. ओढ्याकाठी गवत-झाडांची पट्टी किंवा पाणथळ राखल्यास कर्ब, ओल आणि वेळ एकत्र मिळून विनायट्रीकरण तिथे पूर्णत्वाला जाण्याची शक्यता वाढते. पण अशा पट्ट्या बहुतेक ठिकाणी नांगराखाली गेल्या आहेत, आणि ऊस थेट काठापर्यंत लावलेला असतो.

उजनीसारख्या जलाशयात केवळ पृष्ठभागाच्या पाण्यातील नायट्रेट मोजून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात तो आकडा कमी दिसू शकतो, कारण नायट्रोजन शेवाळात अडकलेला असतो किंवा तळाशी अमोनियम होऊन बसलेला असतो. म्हणून तळालगतचा विरघळलेला ऑक्सिजन, अमोनियम आणि एकूण स्फुरद हे तिन्ही नायट्रेटसोबत, पावसाळ्याआधी व नंतर, एकाच ठिकाणी मोजले पाहिजेत.