टिपा लिहा : पूर्व मध्ययुगीन व्यापारी संघ, नगरांचा उदय आणि बाजारपेठांचा विस्तार

प्रश्न ३. खालील विषयांवर टिपा लिहा.

(अ) अय्यावोळे पाचशे

उत्तर : इ. स. ९वे ते १३वे शतक या काळात दख्खन आणि दक्षिण भारतात प्रभावी ठरलेल्या व्यापारी संघांमध्ये अय्यावोळे पाचशे हा संघ अग्रगण्य होता. हल्लीच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या ऐहोळे या गावावरून त्याला हे नाव मिळाले. नावात ‘पाचशे’ असले तरी ती सभासदांची मोजलेली संख्या मानण्याचे कारण नाही. हा एका गावातील किंवा एका धंद्यातील लोकांचा संघ नव्हता. निरनिराळ्या प्रदेशांत हिंडणाऱ्या व्यापाऱ्यांना एका आचारसंहितेने, म्हणजे लेखांत येणाऱ्या ‘वीर बणंजु धर्मा’ने, बांधून ठेवणारी ती संघटना होती. त्यामुळे स्थानिक विणकरांच्या किंवा तेल्यांच्या श्रेणीशी, म्हणजे एकाच धंद्यातील लोकांच्या संघाशी, तिची गल्लत करू नये.

कर्नाटकातील शिकारपूर परिसरात ११व्या शतकाच्या मध्याचा जो लेख मिळाला आहे, त्यात हे व्यापारी हत्ती, घोडे, नीलमणी, मोती, माणके, हिरे, वेलची, लवंग, चंदन, कापूर आणि कस्तुरी यांचा व्यापार खुष्कीच्या व जलमार्गाने करीत असल्याचे सांगितले आहे. प्रशस्तीतील अतिशयोक्ती वजा केली तरी मालाची यादी बोलकी आहे. वजनाला हलका व किमतीला भारी असा माल दूरवर नेणे परवडत असे, मात्र त्याला लुटारूंचे भयही तितकेच असे. म्हणून संघ स्वतःचे सशस्त्र रक्षक बाळगीत. सुमात्रा बेटावरील बारूस भागात सापडलेला इ. स. १०८८ चा तमिळ लेख या संघाचा समुद्रापार वावर सिद्ध करतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात कोल्हापूरच्या शिलाहारांच्या १२व्या शतकातील लेखांचा उल्लेख अवश्य करावा लागेल. कोल्हापूर, मिरज आणि इतर पेठांतील वीर बणंजांनी, म्हणजे या संघाच्या व्यापाऱ्यांनी, एकत्र जमून मालावरील करांचा काही वाटा धर्मकार्याला लावून दिल्याचे त्यांतून दिसते. कर बसवण्याचा अधिकार राजाकडे असला, तरी करांचा वाटा देण्याविषयीचा ठराव व्यापारी स्वतः करीत होते आणि राजसत्ता त्याला मान्यता देत होती, ही या संघाच्या स्वायत्ततेची सर्वांत ठोस खूण होय.

(आ) नगरांचा उदय

उत्तर : गुप्तकाळानंतर अनेक जुनी नगरे ओस पडली, हे उत्खननांवरून मांडले गेलेले मत सर्वत्र सारखे लागू पडत नाही, तथापि ९व्या शतकापासून नव्या नगरांची वाढ झाली याविषयी फारसा वाद नाही. शेतीखालील जमीन वाढली, स्थानिक राजघराण्यांनी राजधान्या वसवल्या आणि मोठी मंदिरे उभी राहिली, ही त्यामागची प्रमुख कारणे होत.

यांपैकी मंदिराचा वाटा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. इ. स. १०१०च्या सुमारास पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासाठी राजराज चोळाने इतर मंदिरांतून 400 नर्तकी आणून त्यांना आजूबाजूच्या रस्त्यांवर घरे दिली. नंदादीपाच्या तुपासाठी दर दिव्यामागे 96 मेंढ्या धनगरांच्या हवाली केल्या जात आणि मंदिराचा पैसा गावांना व्याजाने दिला जाई. एवढ्या माणसांना रोज धान्य, कापड, फुले व तेल लागणार, म्हणजे ते पुरवणारे कारागीर आणि दुकानदारही तेथेच वस्तीला येणार, हे ओघाने आलेच. तमिळ प्रदेशात अशा व्यापारी वस्तीच्या सभेला ‘नगरम्’ म्हणत.

(इ) बाजारपेठांचा विस्तार

उत्तर : ग्रामीण भागातील आठवडी बाजार, कर वसूल होणारी मंडपिका आणि यात्रेनिमित्त भरणारा बाजार, असे बाजाराचे तीन स्तर या काळात आढळतात. यात्रेच्या बाजाराचे चांगले उदाहरण म्हणजे हरियाणातील पेहोवा, तेथील इ. स. ८८२च्या सुमाराच्या लेखात घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी मंदिरांसाठी स्वतःवर कर लावून घेतल्याची नोंद आहे.

मंडपिकेचे चित्र ललितपूरजवळील सीयडोणी येथील १०व्या शतकातील लेखांतून अधिक स्पष्ट होते. तेथे एका मिठाच्या व्यापाऱ्याने विष्णुमंदिर उभारले. मद्य गाळणाऱ्यांकडे 1350 द्रम्म नाणी ठेव म्हणून गुंतवली गेली आणि त्यांनी विक्रीच्या मद्यामागे ठरावीक रक्कम देवाला द्यायची होती. दुकाने दान दिली जात, त्यांचे भाडे देवस्थानाला मिळे. श्रेणीकडे ठेव ठेवण्याची पद्धत काही नवी नव्हती. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणींकडे कार्षापण नाणी ठेवल्याचा लेख त्याहून कितीतरी जुना आहे. मात्र सीयडोणीत पानवाले, तेली आणि मिठाचे व्यापारी अशा नित्याच्या वस्तूंच्या विक्रेत्यांची नावे येतात. व्यापार केवळ चैनीच्या मालापुरता उरला नव्हता, हे दाखवण्यास हाच पुरावा अधिक उपयोगी पडतो.