पॅकअपच्या आधी दोन मिनिटं

अरे, शांत व्हा जरा! साउंडवाल्या, तू पण. पाच रात्री 'रूम टोन घेतोय, श्वाससुद्धा हळू घ्या' म्हणून आम्हाला दटावलंस, आज माझी पाळी.

डॉली परवडत नव्हती. मग व्हीलचेअर आली, तिच्यावर आपली कॅमेरावाली बसली, आणि आर्टवाल्याने तिला अख्खा कॉरिडॉर अकरा वेळा ढकललं. अकरा! त्यातले सहा टेक माझ्या हट्टापायी, हेही आज कबूल करतो. आणि वापरणार आपण बहुतेक दुसराच. मारू नका.

थर्माकोल धरून हात भरून आलेल्यांनो, पहाटे चारला रडायचा सीन हसत देणाऱ्या आमच्या हिरॉइन, घड्याळाचे काटे दर टेकला मागे फिरवणारी कंटिन्युइटी ताई, तुमचं मानधन म्हणजे क्रेडिट्समधलं नाव. ते तरी शुद्धलेखन तपासून टाकीन.

काल हार्ड डिस्क दिसेना तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन रडलो होतो. प्रॉडक्शनवालीने पाहिलं, पण कुणाला सांगितलं नाही. थँक यू गं.

चला, ग्लास वर. आपल्या टीमला! आणि... पॅकअप!